पोटात दुखणाऱ्या मुलाचं घर कागदावर कसं काढावं: जेनोग्राम वापरून पहिलं कौटुंबिक सत्र

मुलगा नऊ वर्षांचा. दर सोमवारी सकाळी बेंबीभोवती कळ येते आणि शाळेची वेळ टळली की अकराच्या सुमारास ओसरते. बालरोगतज्ज्ञांनी रक्त, लघवी, शौच तपासलं, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. मग कुणीतरी समुपदेशनाचं नाव काढतं आणि आई त्याला घेऊन तुमच्यासमोर येऊन बसते.

नव्या समुपदेशकाचे प्रश्न अशा वेळी मुलापाशीच घोटाळतात. वर्गात कुणी मारतं का, वाचताना अडतं का, बाईंची भीती वाटते का? हे विचारायलाच हवं. पण त्यातून काही हाती लागलं नाही, तर प्रश्न बदलावा लागतो: हे दुखणं या घरात नेमकं कुठे बसतं? ते आलं की कोण धावतं, कोण थांबतं, कोणतं बोलणं अर्ध्यावर राहतं? याचं उत्तर शोधायला जेनोग्राम, म्हणजे तीन पिढ्यांचा कुटुंबनकाशा, कामाला येतो. तो कसा काढायचा आणि काढताना मुलाच्या दुखण्यापर्यंत कसं पोचायचं, ते एका घराच्या आधाराने सांगते. हे घर मी पाहिलेल्या चार-पाच घरांचे तुकडे जोडून उभं केलं आहे. नावं, गाव, सालं सगळी बदललेली आहेत. मुलाला सोहम म्हणू, त्याच्या बहिणीला मृणाल.

आधी डॉक्टर, आणि मुलाशी एकट्याने बोलणं

मुलांची पोटदुखी हा जुना आणि नेहमीचा प्रश्न आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी १९५८ साली ब्रिस्टलमधल्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीन वेळा, रोजचे व्यवहार अडावेत इतकं पोट दुखणारी मुलं त्यांना दहातली एक आढळली, आणि त्यातल्या बहुतेकांत अवयवाचा आजार सापडला नाही. पण 'बहुतेकांत' म्हणजे सगळ्यांत नव्हे. वजन घटतंय, वाढ खुंटली आहे, शौचातून रक्त जातंय, ताप किंवा सारख्या उलट्या आहेत, दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठतंय, किंवा दुखणं बेंबीपासून दूर एकाच ठिकाणी आहे, यातलं काहीही असेल तर आधी पुन्हा डॉक्टरांकडे पाठवा. कुटुंबनकाशा काढत बसल्यामुळे एखाद्या मुलाच्या आतड्याचा आजार महिनोन्‌महिने मागे पडला, असं आपल्या हातून कधीही होता कामा नये.

दुसरी अट तितकीच पक्की आहे. सगळ्यांना एकत्र बसवण्याआधी मुलाशी पंधरा-वीस मिनिटं एकट्याने बोला. घरात मारहाण होते का, कुणाची भीती वाटते का, कुणी नको तसा स्पर्श करतं का, हे त्याच्या वयाच्या भाषेत विचारा. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मदतीला आहे. अशा घरात सगळ्यांना एका कागदाभोवती बसवून 'नाती कशी आहेत' हे विचारणं मुलाला धोक्यात घालतं.

सोहमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नीट पाहून झाल्या होत्या. शाळेतल्या बाईंशीही बोलले. चौथीतला मुलगा, वाचन-लेखन ठीक, मित्र दोन, शाळेत आला की दिवसभर मजेत असतो. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत मात्र त्याचे ३४ दिवस बुडाले होते.

कुणाला बोलवायचं

एका चुलीवर जेवणारे सगळे. इथे सूट देऊ नका. पहिल्या फोनवर आई म्हणाली, "ह्यांना सुट्टी मिळत नाही, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी आणि सोहमच येतो." असं म्हणणाऱ्या बाईला दोष देऊ नये, कारण डॉक्टर, शाळा, औषध हे सगळं तिनेच निभावलेलं असतं. मी एवढंच म्हटलं, की सोहमबद्दल आजींना जे ठाऊक आहे ते मला दुसरं कुणी सांगू शकणार नाही, आणि बाबांच्या सोयीने आपण रविवारी भेटू. मग आजींशीही फोनवर दोन मिनिटं बोलले. सुनेने 'आणलेली' सासू आणि स्वतःहून आलेली आजी यांच्या बोलण्यात फार फरक पडतो.

'मृणालला काही नाही, तिचं दहावीचं वर्ष आहे, तिला कशाला?' असाही प्रश्न आला. जिला काहीच होत नाही ती मुलगी तर हवीच. ती काय पाहते ते आपल्याला हवं असतं.

सत्राला दीड तास ठेवा. पहिली पंधरा मिनिटं ओळखीला, साधारण चाळीस नकाशाला, वीस दुखण्याच्या क्रमाला आणि उरलेली सगळ्यांनी मिळून कागद पाहायला. सामान फारसं लागत नाही: मोठा कार्डशीट, पेन्सिल, खोडरबर, दोन-तीन रंगांची स्केचपेनं. पेन्सिल यासाठी, की माणसं सालं चुकतात आणि नाती सांगताना मन बदलतात. कागद सगळ्यांना सुलटा दिसेल असा भिंतीला लावा किंवा जमिनीवर मधोमध अंथरा. वहीत स्वतःपुरतं लिहून घेतलं तर ती चौकशी होते. सगळ्यांसमोर काढलं की त्या कागदावर त्यांचाही हक्क राहतो.

चिन्हं: थोडी आणि ठरलेली

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५० च्या दशकात रुग्णाबरोबर त्याच्या अख्ख्या कुटुंबाला दवाखान्यात राहायला घेऊन अभ्यास केला. कुटुंबाचे आराखडे काढण्याची रीत त्यांच्या कामातून पुढे आली. मोनिका मॅकगोल्डरिक आणि रँडी गर्सन यांच्या १९८५ मधल्या पुस्तकामुळे चिन्हं बरीचशी एकसारखी झाली. सुरुवातीला एवढी पुरतात.

पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आत वय. ज्याच्या तक्रारीसाठी घर आलं आहे त्याची आकृती दुहेरी रेषेची. गेलेल्या माणसाच्या आकृतीवर फुली आणि वर जन्म-मृत्यूची सालं. नवरा डावीकडे, बायको उजवीकडे, दोघांना जोडणाऱ्या आडव्या रेषेवर लग्नाचं साल. त्या रेषेला खाली लोंबणारी मुलं वयाप्रमाणे, थोरलं डावीकडे. आज एका घरात राहणाऱ्यांभोवती तुटक रेषेचं कुंपण. नात्यांसाठी वेगळ्या रंगात चार रेषा: जवळिकीला दोन समांतर, एकमेकांत गुंतून गेलेल्या जवळिकीला तीन, भांडणाला नागमोडी, दुराव्याला ठिपक्यांची. कोपऱ्यात चिन्हांची खूण लिहून ठेवा, कारण दुसरा समुपदेशक कदाचित थोडी वेगळी चिन्हं वापरत असेल.

आपल्याकडे वंशावळ म्हटली की लोकांना जात पडताळणीचा अर्ज आठवतो: खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, मी. त्यात बायका नसतातच. म्हणून सुरुवातीलाच सांगावं, 'इथे आईकडची माणसंही तेवढीच येणार, आणि लेकीही.' लग्नात नाव बदललेलं असेल तर माहेरचं नावही विचारा. आजींना ते विचारलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि मग हसून सांगितलं. पन्नास वर्षांत ते नाव कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर आजी गुडघेदुखी विसरून कागदाकडे सरकून बसल्या.

नकाशा भरताना प्रश्नांचा क्रम

मुलापासून सुरू करा आणि पेन्सिल आधी त्याच्याच हातात द्या. सोहमने स्वतःचा चौकोन काढला, आत ९ लिहिलं. मग बाहेर जायचं: घरात कोण, मग आजोळ, मग गेलेली माणसं. सोप्याकडून अवघडाकडे. जन्म, लग्न, नोकरी, गाव आधी. आजार, मृत्यू, दारू, कर्ज, तुटलेली नाती नंतर.

सोहमच्या घराचा कागद असा भरला. बाबा १९७८ चे, वय ४४, चाकणच्या कारखान्यात. जून २०२२ मध्ये तिथे बदली झाली, तेव्हापासून शनिवारी रात्री घरी येतात आणि सोमवारी पहाटे साडेचारला निघतात. आई १९८३ ची, वय ३९, गावातल्या पतसंस्थेत. लग्न २००५ साली. मृणाल २००७ ची, सोहम २०१३ चा. आजी १९५४ च्या. आजोबा एसटीत ड्रायव्हर होते, फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात.

मृणाल आणि सोहम यांच्यात सहा वर्षांचं अंतर दिसलं की तिथे थांबायचं. आपल्याकडे 'मुलं किती?' असं विचारलं तर हयात मुलांचाच आकडा येतो. 'एकूण किती वेळा दिवस राहिले होते?' असं विचारलं तर उत्तर वेगळं येऊ शकतं. मात्र हा प्रश्न मुलांदेखत एकदम टाकू नका. मी आईला आधी फोनवरच विचारून ठेवलं होतं आणि हे मुलांसमोर बोललं तर चालेल का, हेही. नोव्हेंबर २०१० मध्ये एक मुलगा झाला होता, तीन दिवस जगला. मृणालला अंधुक आठवत होतं, सोहमला माहीत नव्हतं. आईने ते शांतपणे सांगितलं. मी दोघांच्या मध्ये छोटा चौकोन काढून फुली मारली. आजी म्हणाल्या, "म्हणून तर सोहम नवसाचा. त्याला पहिल्यापासून जपावंच लागतं."

हे वाक्य जसंच्या तसं सोहमच्या चौकोनाशेजारी लिहिलं: 'नवसाचा, जपावा लागतो'. प्रत्येकाच्या शेजारी घरचे त्याला काय म्हणतात तो शब्द लिहायची सवय लावून घ्या. सिद्धांतातल्या भूमिकांची नावं शिकण्यापेक्षा हे शब्द जास्त कामाचे. मृणालशेजारी बाबांनी सांगितलं, 'शहाणी, तिचं काही बघावं लागत नाही.' आईबद्दल आजी म्हणाल्या, 'सगळं एकटी ओढते, पण बोलत नाही.' बाबांबद्दल आई म्हणाली, 'ह्यांचा जीव आईत.'

मग वरची पिढी. बाबांना विचारलं, 'तुम्ही सोहमएवढे होता तेव्हा घर कसं होतं?' हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. मुलाचं आजचं वय धरून आईबापाला त्या वयात नेऊन उभं करायचं. बाबा म्हणाले, आजोबांची ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीची, आठवड्यातल्या चार रात्री बाहेर. आजी रात्री एकट्या घाबरायच्या. आणि मग जरा अडखळत: "मला तेव्हा दमा होता. रात्री धाप लागायची. मी आईजवळच झोपायचो." त्यांची थोरली बहीण, १९७४ ची, तेव्हा घरकाम करायची. आठवीनंतर तिची शाळा सुटली आणि अठराव्या वर्षी लग्न झालं.

आईची गोष्ट तिने स्वतः तीन वाक्यांत संपवली. वडील १९९५ साली गेले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिची आई अंगणवाडीत कामाला जायची. धाकटे दोन भाऊ हिने सांभाळले.

कागदाशेजारी तारखांची पट्टी

नवखे लोक नकाशा सुंदर काढतात आणि तारखा विसरतात. मला विचाराल तर अर्धं काम तारखांमध्येच आहे. कागदाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ ओढा आणि गेल्या दोन वर्षांतल्या घटना ओळीने लिहा. सोहमच्या घरी ती अशी झाली: फेब्रुवारी २०२२, आजोबा गेले. जून, बाबा चाकणला. जूनमध्येच मृणालची दहावी सुरू. जुलैचा दुसरा आठवडा, सोहमचं पोट पहिल्यांदा दुखलं. ऑक्टोबर, दिवाळीच्या सुट्टीत महिन्याच्या शेवटी बाबा आठ दिवस घरी, त्या आठ दिवसांत दुखणं नाही.

हे लिहीपर्यंत घरातले बदल आणि दुखणं या दोन रांगा कुणीच शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आई म्हणाली, "आम्ही पावसाळ्याच्या पाण्यावर घेतलं होतं." ते चुकीचं नव्हतं. पहिलं दुखणं खरंच पाण्यामुळे आलं असेल. एखादं दुखणं कशाने सुरू झालं आणि ते कशामुळे टिकून राहिलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नकाशा बहुधा दुसऱ्याचंच उत्तर देतो.

दुखण्याचा क्रम विचारणं

आता कागदावरून एका सकाळीकडे यायचं. 'का दुखतं?' हे विचारू नका. त्याचं उत्तर मुलाकडे नसतं आणि प्रश्नातच आरोप ऐकू येतो. 'आधी काय, मग काय, मग कोण काय करतं?' असं विचारा. इटलीतल्या कुटुंबोपचारकांच्या मिलान गटाने १९८० च्या सुमारास रूढ केलेली एक युक्ती इथे उपयोगी पडते: एका माणसाला इतर दोघांमध्ये काय घडतं ते विचारायचं. त्यामुळे स्वतःची बाजू मांडण्याची घाई कमी होते आणि पाहिलेलं सांगितलं जातं.

मी मृणालला विचारलं, "सोमवारी सोहमचं पोट दुखायला लागलं की सगळ्यांत आधी कोणाला कळतं?"

"आजीला. ती त्याच्याजवळच झोपते ना."

"मग?"

"आजी बेंबीला हिंग लावते. आई म्हणते शाळेत जाऊ दे, आजी म्हणते लेकराला पाठवू नको. मग आई बाबांना फोन करते."

"आई-बाबा एरवी सकाळी फोनवर बोलतात?"

मृणालने आईकडे पाहिलं. "नाही. एरवी मेसेज असतो, पैसे आले का, गॅस आला का."

"आणि सोहम घरी राहिला की दिवसभर आजीसोबत कोण असतं?"

"सोहमच. एरवी आजी एकटीच असते."

इथे सोहम म्हणाला, "आजी मग रडत नाही."

खोलीत कुणी बोललं नाही. अशा क्षणी समुपदेशकानेही बोलू नये. मी मनात वीस आकडे मोजते. त्यानंतर आजींनीच सांगितलं, की आजोबा गेल्यापासून दुपार खायला उठते.

आणखी एक धागा बाकी होता. बाबांना विचारलं, "सोहमचं दुखणं उद्या थांबलं, तर घरात कोणता विषय निघेल?" हा प्रश्न अवघड आहे, पण तो विचारल्याशिवाय सत्र संपवू नये. बाबा आणि आई दोघंही जमिनीकडे पाहू लागले. मग आई म्हणाली, "चाकणला जायचं का, हा." तिला मुलांना घेऊन नवऱ्याकडे जायचं होतं. आजींना घर सोडायचं नव्हतं. बाबांना दोघींपैकी कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं. जूनपासून हा विषय तीनदा निघाला होता, आणि तिन्ही वेळा 'आधी सोहमची तब्येत बरी होऊ दे' म्हणून मिटवला गेला होता.

रेषा ओढणं आणि कागद त्यांच्या हाती देणं

आता नात्यांच्या रेषा ओढायच्या. प्रत्येक रेष त्यांना विचारून. आजी आणि सोहम, तीन रेषा. बाबा आणि आजी, दोन. आई आणि आजी, नागमोडी, पण आई म्हणाली 'बारीक काढा', म्हणून बारीक. आई आणि बाबा, ठिपक्यांची. तीही दोघांनी एकमेकांकडे बघून मान्य केली.

दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, याला बोवेन यांनी त्रिकोण म्हटलं. कुटुंबोपचारातले दुसरे एक मोठे नाव, साल्वाडोर मिनुचिन, यांनी असं दाखवलं, की आईबापांमधलं भांडण पुष्कळदा मुलाच्या आजारपणाच्या वळणाने जातं: दोघं एकमेकांशी भांडत नाहीत, मुलाची काळजी करतात. सोहमच्या कागदावर असे दोन त्रिकोण होते, आई-बाबा-सोहम आणि आई-आजी-सोहम. पण हे शब्द घरच्यांसमोर उच्चारायची गरज नाही. मी फक्त पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, "आता तुम्ही बघा. काय दिसतंय?"

बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या चौकोनावर बोट ठेवलं, दुसरं बोट सोहमवर. "मी पण असाच होतो. बाबा बाहेर, आई एकटी, आणि मी आजारी." दोन्ही वेळा थोरली बहीण घर सांभाळत होती, हे त्यानंतर आईच्या लक्षात आलं.

समुपदेशकाने आपला अंदाज सांगायचा तो यानंतर, आणि अंदाज म्हणूनच. मी साधारण असं म्हटलं: "सोहमचं दुखणं खरं आहे, तो सोंग करत नाही. पण ते आलं की आजींना सोबत मिळते, आई-बाबांचं बोलणं होतं आणि चाकणचा अवघड विषय थोडा लांबतो. त्याला कुणी हे काम दिलेलं नाही. त्याचं शरीर ते करू लागलंय. नऊ वर्षांच्या मुलाला हे काम जड आहे. ते मोठ्यांनी आपसात वाटून घेता येईल का, ते आपण बघू. तुम्हाला हे पटतंय का? कुठे चुकतंय?" शेवटचे दोन प्रश्न मनापासून विचारायचे. आजी म्हणाल्या, "मी काय पोराला आजारी पाडते होय?" त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. मी म्हटलं, "नाही आजी. तुम्ही एकट्या पडलात हे घरात फक्त त्याच्या लक्षात आलं." आजी पदराने डोळे पुसत मृणालकडे पाहायला लागल्या.

घरी न्यायची कामं

कामं दोन-तीनच द्यावीत आणि ती कागदावरच्या रेषांमधून निघालेली असावीत. इथे तीन ठरली. बाबांनी रोज रात्री नऊला आईला फोन करायचा, पंधरा मिनिटं, सोहमच्या तब्येतीचा विषय वर्ज्य. सोमवारी सोहमचं पोट दुखलं तर निर्णय बाबांचा, पहाटे निघण्यापूर्वीच सांगितलेला: ताप किंवा उलटी नसेल तर शाळेत जायचं, फार दुखलं तर बाईंना सांगून दहा मिनिटं पडायचं आणि परत वर्गात. आजींच्या दुपारींसाठी आठवड्यातून दोन दिवस त्यांची पुतणी येणार आणि एक दिवस त्या भजनाला जाणार. हे आजींनीच सुचवलं.

दुखत असताना शाळेत पाठवणं आईबापांना निर्दयपणाचं वाटतं. त्यांना सांगायचं, की दुखण्याबद्दल वारंवार विचारणं आणि दुखलं की नेहमीची कामं माफ होणं, यांनी अशी पोटदुखी लांबते. मुलाला माया हवीच, पण ती दुखत नसतानाही मिळावी. म्हणून शनिवारी रात्री सोहमने बाबांसोबत सायकल पुसायची, असं एक छोटं कलम त्यानेच घातलं.

कुठे बिघडतं

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे कागदातून गुन्हेगार शोधणं. आपल्याकडे तो शोध फार पटकन सासूपाशी किंवा आईपाशी येऊन थांबतो. सत्रानंतर घरात 'बघ, बाई पण तेच म्हणाल्या' असं कुणी म्हणालं, तर समजावं की आपण एका बाजूला झुकलो आणि स्वतःच एका त्रिकोणाचा कोपरा झालो. पुढच्या भेटीत ते उघडपणे दुरुस्त करावं लागतं.

दुसरी चूक आपल्या आवडीची असते: दिसलेला साचा खरा मानणं. बाबांचा दमा आणि सोहमची पोटदुखी यांत साम्य आहे. एकाने दुसरं घडवलं याचा तो पुरावा नाही. तीन पिढ्यांचा कागद पुरेसा वेळ पाहिला तर कुणालाही काहीतरी जुळतंच, आणि दोन समुपदेशक एकाच नकाशातून वेगळे अर्थ काढू शकतात. म्हणून मी कागदाच्या मागे स्वतःपुरतं लिहिते, की माझा अंदाज चुकीचा असेल तर काय दिसेल. इथे लिहिलं होतं: 'बाबा घरी असतानाही दुखलं, सुट्टीतही दुखलं, किंवा आजींना सोबत मिळूनही चार आठवड्यांत काहीच फरक नाही, तर पुन्हा डॉक्टर आणि शाळा.'

तिसरी गोष्ट व्यवहाराची. कागदाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, हे सत्र सुरू होतानाच ठरवा. त्यात आत्याची सुटलेली शाळा आहे, तीन दिवसांचं बाळ आहे, आणि हे सांगायला आत्या तिथे नव्हती. मूळ कागद मी कपाटात कुलुपात ठेवते. घरच्यांना हवा असेल तर नात्यांच्या रेषा नसलेली प्रत देते.

आणि सत्र चालू असतानाच मुलाचं पोट दुखायला लागलं तर? ते होतं. घाईघाईने विषय बदलू नका, पण आपण त्या क्षणी नेमकं काय बोलत होतो ते वहीत लिहून ठेवा. मुलाला पाणी द्या, हवं तर आडवं होऊ द्या आणि मोठ्यांशी बोलणं मंद आवाजात चालू ठेवा. त्याच्या दुखण्याने मोठ्यांचं बोलणं थांबत नाही, हे त्याला पहिल्यांदाच दिसतं.

तीन महिन्यांनी तोच कागद

पहिल्या सत्रानंतर आम्ही आणखी चार वेळा भेटलो. त्यातल्या दोन भेटी फक्त आई-बाबांच्या होत्या, चाकणच्या प्रश्नावर. फेब्रुवारीत सोहमचे चार दिवस बुडाले, मार्चमध्ये दोन. एप्रिलमध्ये घर बघायला आई चाकणला जाऊन आली आणि त्या आठवड्यात पुन्हा सलग तीन दिवस दुखलं. असं होणार हे आधीच सांगून ठेवलं असेल तर घर घाबरत नाही. बाबांनी रात्री नऊचा फोन चालू ठेवला आणि चौथ्या दिवशी सोहम शाळेत गेला. मे महिन्यात ठरलं, की हे वर्ष आजी गावातच, आई-मुलं जूनपासून चाकणला, आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवार सगळे गावाला.

शेवटच्या भेटीत मी जुना कागद पुन्हा अंथरला आणि वेगळ्या रंगाचं स्केचपेन दिलं. जे बदललं असेल ते ज्याचं त्याने काढावं. सोहमने स्वतःच्या आणि आजीच्या मधल्या तीन रेषांतली एक खोडली. आई-बाबांनी ठिपक्यांवर एक सरळ रेष ओढली, दुसरी ओढावी की नाही यावर थोडं बोलले आणि एकच ठेवली.

मृणालने पेन घेतलं आणि स्वतःच्या वर्तुळापासून बाबांच्या चौकोनापर्यंत ठिपके काढत नेले. पहिल्या दिवशी तिथे आम्ही कुणीच रेष काढली नव्हती. बाबा म्हणाले, "हिचं काही बघावं लागत नाही," आणि बोलता बोलता थांबले. मी कागदाच्या वर पुढच्या भेटीची तारीख लिहिली आणि त्याखाली मृणालचं नाव.